दोन मूल्यमापकांचं किती जुळतं, आणि किती जुळलं म्हणजे पुरे? कॅपा पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी

दोन माणसांनी एकाच गोष्टीला वेगवेगळं बसून गुण दिले किंवा एकाच मजकुराचं वर्गीकरण केलं, की पहिला प्रश्न येतो, "दोघांचं जुळलं का?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "कॅपा, म्हणजे जुळणी मोजणारा आकडा, इतका आलाय, चालेल का?" दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण एक तयार तक्ता पुढे करतात. ०.६१ ते ०.८० म्हणजे 'भरीव' सहमती, त्यावर 'जवळजवळ पूर्ण', असा तो तक्ता. आकडा त्यात कुठे बसतो ते पाहिलं, अहवालात एक ओळ लिहिली, काम संपलं.

या लेखात मी तो तक्ता बाजूला ठेवायला सांगणार आहे. एकच आकडा एका कामाला पुरेसा असतो, दुसऱ्याला अपुरा आणि तिसऱ्याला धोकादायक. हे का, ते एका उदाहरणातून शेवटपर्यंत पाहू. आकडेमोड कागदावर होण्याइतकी सोपी ठेवली आहे.

उदाहरण असं घ्या. एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अभिप्रायाचा फॉर्म भरून घेतात. त्यात एक मोकळा प्रश्न आहे, "काय सुधारायला हवं?" अशी २००० उत्तरं जमली आहेत. प्रत्येक उत्तर वाचून एवढंच ठरवायचं, की त्यात कर्मचाऱ्यांच्या वागणुकीची तक्रार आहे की नाही. हे काम दोन जण करणार, त्यांना आपण 'अ' आणि 'ब' म्हणू.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- नियमपत्रक, म्हणजे 'आहे' कधी म्हणायचं आणि 'नाही' कधी, हे उदाहरणांसह लिहिलेलं एक-दोन पानं
- प्रत्येक उत्तराला दिलेला क्रमांक
- 'अ' आणि 'ब' साठी वेगवेगळ्या फायली, ज्यांत एकाचं उत्तर दुसऱ्याला दिसणार नाही
- स्प्रेडशीट, आकडेमोड तपासायला आर किंवा पायथन असेल तर उत्तम, नसेल तरी अडत नाही

## १. निकालाचं पुढे काय होणार, ते आधी लिहून ठेवा

ही पायरी सगळे गाळतात आणि शेवटी इथेच अडकतात. वर्गीकरणाचा निकाल कुणाच्या हातात जाणार आणि त्यावरून काय ठरणार, हे एकेका वाक्यात लिहा. आपल्या उदाहरणात तीन वेगवेगळे उपयोग संभवतात.

पहिला: वागणुकीची तक्रार दर दहा उत्तरांत एकापेक्षा जास्त वेळा दिसली, तर सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण ठेवायचं. दुसरा: कोणत्या विभागात तक्रारी जास्त आहेत, हे विभागवार टक्केवारीतून पाहायचं. तिसरा: ज्या उत्तरात तक्रार आहे ते उत्तर संबंधित कर्मचाऱ्याच्या वरिष्ठाकडे चौकशीसाठी पाठवायचं.

काम तेच, वर्गीकरण तेच; पण चुकीची किंमत तिन्ही ठिकाणी वेगळी आहे. पहिल्यात एखाद-दुसरं उत्तर इकडचं तिकडे झालं तरी काही बिघडत नाही. तिसऱ्यात प्रत्येक चुकीमागे एक माणूस उभा आहे. म्हणूनच 'किती पुरेसं' हे आकडा पाहण्याआधी ठरवायचं. आकडा समोर आल्यावर ठरवायला बसलात, तर जो आला तोच पुरेसा वाटू लागतो.

## २. नमुना निवडा, आणि त्यात 'आहे' किती येतील ते मोजा

दोघांनी २००० च्या २००० उत्तरं वाचायची गरज नसते. थोडी दोघांनी वाचायची, जुळणी मोजायची, आणि ती पुरेशी असेल तर उरलेली वाटून घ्यायची, ही नेहमीची पद्धत. प्रश्न असतो थोडी म्हणजे किती.

इथे एकूण संख्येपेक्षा दुर्मीळ बाजूची संख्या महत्त्वाची. तक्रार साधारण १५ टक्के उत्तरांत असेल, तर ५० उत्तरांच्या नमुन्यात 'आहे' जेमतेम सात-आठ येतील. सात-आठ उत्तरांवरून जुळणीचा अंदाज बांधायचा म्हणजे एक उत्तर इकडचं तिकडे झालं की कॅपा धाडकन हलतो. दुर्मीळ बाजूची निदान पंचवीस-तीस उत्तरं हाती यावीत, एवढा मोठा नमुना घ्यावा असं माझं मत. आपल्या उदाहरणात त्यासाठी २०० उत्तरं घेऊ.

नमुना यादृच्छिक हवा. फायलीतली पहिली २०० उचलू नका. ती बहुधा एकाच आठवड्यातली किंवा एकाच विभागातली असतात. आणि 'आहे' कमी येतात म्हणून मुद्दाम तक्रारीची उत्तरं निवडून नमुन्यात भरू नका. तसं केलंत तर कॅपा बदलतो आणि तो २००० उत्तरांबद्दल काहीच सांगत नाही. कसा बदलतो, ते पाचव्या पायरीत दिसेल.

## ३. दोघांना खरोखर वेगळं बसवा

कॅपामागचं गृहीतक असं, की दोघांनी एकमेकांचं न पाहता निर्णय घेतले. एकाच टेबलावर बसून "हे काय वाटतं तुला?" असं विचारत केलेलं काम मोजायला काही अर्थ नाही. तिथे फक्त दोघांतल्या अधिक ठाम माणसाचं मत दोनदा नोंदलं जातं.

सरावासाठी नमुन्याबाहेरची वीस-पंचवीस उत्तरं घ्या, ती एकत्र वाचा, हवी तेवढी चर्चा करा, नियमपत्रक सुधारा. त्यानंतर खऱ्या नमुन्यावर मात्र गप्प. शंका आली तर प्रत्येकाने आपल्या फायलीत शेजारच्या रकान्यात दोन शब्दांची टीप लिहावी, निर्णय मात्र द्यावाच. 'नंतर पाहू' म्हणून कोरी ठेवलेली ओळ घातक असते, कारण बहुतेक सॉफ्टवेअर कोऱ्या ओळी न सांगता वगळतं. आणि कोऱ्या राहतात त्या नेमक्या कठीण ओळी. त्या गळाल्या की जुळणी आहे त्याहून छान दिसते.

## ४. दोन्ही फायली एकत्र करा आणि चार खाने भरा

फायली उत्तराच्या क्रमांकावरून जोडा, ओळींच्या क्रमावरून नाही. एकाने मध्येच फक्त एक रकाना क्रमवारीने लावला असेल तर ओळी सरकतात, आणि कॅपा शून्याच्या आसपास येतो. तसा आकडा दिसला तर माणसांवर शंका घेण्याआधी फाईल तपासा.

मग मोजायचे ते चारच आकडे. आपल्या उदाहरणात ते असे आले:

| | ब: आहे | ब: नाही | एकूण |
|---|---|---|---|
| अ: आहे | २४ | १४ | ३८ |
| अ: नाही | ६ | १५६ | १६२ |
| एकूण | ३० | १७० | २०० |

स्प्रेडशीटमध्ये B रकान्यात 'अ'चे आणि C रकान्यात 'ब'चे निर्णय १ आणि ० असे भरलेले असतील, तर १४ चा खाना असा मिळतो:

```
=COUNTIFS(B2:B201,1,C2:C201,0)
```

कॅपा काढायची घाई करू नका, आधी हा तक्ता नुसता पाहा. मला विचाराल तर अर्धी माहिती इथेच असते. दोघांचं २०० पैकी १८० ठिकाणी जुळलं, म्हणजे ९० टक्के. पण न जुळलेल्या २० ठिकाणांची वाटणी सारखी नाही: चौदा ठिकाणी 'अ'ला तक्रार दिसली आणि 'ब'ला नाही, उलट झालं फक्त सहा ठिकाणी. म्हणजे 'अ'ची चाळणी सैल आहे किंवा 'ब'ची घट्ट. हा नुसता निष्काळजीपणा असता तर दोन्ही बाजूंना चुका साधारण सारख्या पडल्या असत्या. अशी एका बाजूला कललेली वाटणी दिसली, की बहुतेक वेळा दोघांनी नियमाचा अर्थच वेगळा लावलेला असतो. ती चांगली बातमी आहे, कारण नियम दुरुस्त करता येतो.

## ५. कॅपा काढा, आणि तो कशाने हलतो ते समजून घ्या

९० टक्के जुळणी ऐकायला छान वाटते. पण बहुतेक उत्तरांत तक्रार नाहीच, त्यामुळे दोघांनी उत्तरं न वाचता बहुतांश 'नाही' लिहिलं असतं तरी बरंच जुळलं असतं. ही योगायोगाची जुळणी वजा करून उरतं काय, हे मोजण्यासाठी जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये कॅपा मांडला. सूत्र एवढंच:

```
kappa = (Po - Pe) / (1 - Pe)
```

यात Po म्हणजे प्रत्यक्ष जुळणी, आपल्याकडे ०.९०. Pe म्हणजे योगायोगाने अपेक्षित जुळणी. ती अशी काढायची: 'अ'ने १९ टक्के वेळा 'आहे' म्हटलं, 'ब'ने १५ टक्के. दोघांनी योगायोगाने एकाच उत्तराला 'आहे' म्हणण्याचं प्रमाण ०.१९ × ०.१५ = ०.०२८५. दोघांनी 'नाही' म्हणण्याचं ०.८१ × ०.८५ = ०.६८८५. बेरीज ०.७१७. आता कॅपा = (०.९०० − ०.७१७) ÷ (१ − ०.७१७) = ०.१८३ ÷ ०.२८३, म्हणजे सुमारे ०.६५.

आरमध्ये हेच तपासायचं असेल, आणि codes.csv या फायलीत 'अ'चे निर्णय A नावाच्या व 'ब'चे B नावाच्या रकान्यात असतील, तर:

```r
library(psych)
d <- read.csv("codes.csv")
table(d$A, d$B)
cohen.kappa(d[, c("A", "B")])
```

`psych` मधलं हे फंक्शन कॅपासोबत त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादाही देतं, म्हणजे थोड्याच उत्तरांवरून मोजल्यामुळे खरा कॅपा ज्या पट्टीत असू शकतो तिची दोन टोकं, म्हणून मला ते सोयीचं वाटतं. काही सॉफ्टवेअर मर्यादांऐवजी 'पी' मूल्य देतं आणि ते अगदी लहान असतं. त्यावर भाळू नका. ते एवढंच सांगतं की जुळणी निव्वळ योगायोगाची नाही. दोन वाचता येणाऱ्या माणसांकडून तेवढी अपेक्षा आपण तशीही धरतोच.

मर्यादा मात्र पाहाच. आपल्या ०.६५ च्या ९५ टक्के मर्यादा साधारण ०.५० ते ०.७९ आहेत. २०० उत्तरं वाचूनसुद्धा एवढी रुंद पट्टी! 'आमचा कॅपा ०.६५ आणि त्यांचा ०.६०, म्हणून आमचं काम सरस' असं कुणी म्हणालं तर ही पट्टी आठवा.

आता कॅपा हलतो कसा ते पाहू. तीन वेगळे नमुने घ्या, प्रत्येकी २०० उत्तरांचे, आणि तिन्हींत दोघांचं १८० ठिकाणी जुळलेलं.

तक्रार निम्म्या उत्तरांत असेल, म्हणजे दोघांनी 'आहे' म्हटलेली ९०, दोघांनी 'नाही' म्हटलेली ९० आणि मतभेद दोन्हीकडे दहा-दहा, तर कॅपा येतो ०.८०. आपल्या नमुन्यात तक्रार पंधरा-एकोणीस टक्के आहे, तिथे आला ०.६५. आणि तक्रार अगदी क्वचित असेल, म्हणजे दोघांचं 'आहे' फक्त ४ ठिकाणी, 'नाही' १७६ ठिकाणी आणि मतभेद दहा-दहा, तर कॅपा घसरतो ०.२३ वर.

तिन्ही ठिकाणी मतभेद वीसच. फाइनस्टाइन आणि सिकेटी यांनी १९९० मध्ये याला विरोधाभास म्हटलं, आणि तेव्हापासून यावर वाद चालू आहे. काहींना हा कॅपाचा दोष वाटतो. माझं मत थोडं वेगळं आहे: तिसऱ्या नमुन्यात कॅपा खरंच बोलतोय. तिथे 'अ'ला तक्रार दिसली १४ ठिकाणी आणि 'ब'ने त्यातल्या फक्त ४ मान्य केल्या. तक्रार ओळखणं हेच काम असेल तर हे दोघं ते काम एकसारखं करत नाहीत, ९० टक्के जुळणीमागे ते लपलं होतं इतकंच.

या घसरणीवर उपाय म्हणून १९९३ पासून एक 'दुरुस्त' कॅपाही वापरात आहे, ज्याला पाबॅक म्हणतात. त्याचं सूत्र आहे Po ची दुप्पट वजा एक. म्हणजे ९० टक्के जुळणीला तो नेहमी ०.८० देणार, तक्रार निम्म्या उत्तरांत असो की दोन टक्क्यांत. तो नुसत्या टक्केवारीचाच दुसरा वेश आहे. सोबत दिलात तर हरकत नाही. पण कॅपा कमी आला म्हणून तो लपवून फक्त पाबॅक दाखवणं ही पळवाट आहे.

त्यापेक्षा दोन्ही बाजूंची जुळणी वेगवेगळी काढा. 'आहे' बाजूची जुळणी: २ × २४ ÷ (३८ + ३०) = ४८ ÷ ६८, म्हणजे ०.७१. 'नाही' बाजूची: २ × १५६ ÷ (१६२ + १७०) = ३१२ ÷ ३३२, म्हणजे ०.९४. हे दोन आकडे कुणालाही समजतात: तक्रार नाही हे दोघं छान ओळखतात, तक्रार आहे हे ओळखताना मात्र गडबडतात.

एक गोष्ट जाता जाता. वर्ग 'आहे/नाही' असे नसून 'कमी, मध्यम, जास्त' असे चढते असतील, तर भारित कॅपा वापरा. तिथे 'कमी' आणि 'जास्त' मधला मतभेद 'कमी' आणि 'मध्यम' मधल्या मतभेदापेक्षा मोठा धरला जातो. शंभरपैकी गुण असतील तर कॅपा नकोच, आंतरवर्गीय सहसंबंध काढा. साधा सहसंबंध गुणांक मात्र टाळा: 'ब'ने प्रत्येकाला 'अ'पेक्षा बरोबर दहा गुण कमी दिले तरी तो पूर्ण १ येतो.

## ६. आता ठरवा: ०.६५ पुरेसा आहे का?

सुरुवातीला ज्या तक्त्याचा उल्लेख केला तो लँडिस आणि कॉख यांनी १९७७ मध्ये दिला. त्यात ०.६५ 'भरीव' ठरतो. पण हे विभाग आपण मनाने पाडले आहेत, हे त्या दोघांनीच त्या लेखात स्पष्ट लिहिलं होतं. मजकूर विश्लेषणात क्रिपेनडॉर्फ यांचा दंडक चालतो, तो अल्फा या वेगळ्या मापासाठी: ०.८०० च्या वर ठाम निष्कर्ष, ०.६६७ पर्यंत कच्चे निष्कर्ष. वैद्यकीय क्षेत्रात ०.६० च्या खाली काही स्वीकारू नये म्हणणारेही आहेत. म्हणजे एकाच ०.६५ ला कुणी भरीव म्हणेल, कुणी जेमतेम. म्हणून पहिल्या पायरीत लिहिलेल्या तीन उपयोगांकडे परत जाऊ आणि प्रत्येकाला तोच आकडा लावून पाहू.

प्रशिक्षण ठेवायचं का? अट होती तक्रार १० टक्क्यांच्या वर असण्याची. 'अ' म्हणतो १९ टक्के, 'ब' म्हणतो १५ टक्के. कुणाचंही ऐका, उत्तर 'ठेवा' असंच येतं. या कामासाठी ०.६५ पुरेसा आहे, आणखी वेळ घालवायचं कारण नाही. प्रमाण दहाच्या जवळ घोटाळत असतं, एकाचं ९ आणि दुसऱ्याचं १२, तर मात्र हेच म्हणता आलं नसतं.

विभागांची तुलना? इथे थांबा. दोघांनी तीच २०० उत्तरं वाचली, तरी टक्केवारीत चार अंकांचा फरक पडला. हा फरक नमुन्याचा नाही, निव्वळ वाचणाऱ्याचा आहे. आता समजा उरलेली १८०० उत्तरं वाटताना औषधविभागाची 'अ'ला दिली आणि नोंदणी-खिडकीची 'ब'ला. औषधविभागात चार टक्के जास्त तक्रारी दिसल्या, तर ती विभागाची वागणूक की 'अ'ची सैल चाळणी? हे नंतर कुणालाच सांगता येणार नाही. विभागांमधला अपेक्षित फरक पाच-सात टक्क्यांचा असेल, तर ०.६५ इथे अपुरा आहे. आणि जुळणी कितीही चांगली असली तरी उत्तरं विभागवार वाटू नका. प्रत्येक विभागाची उत्तरं दोघांत यादृच्छिकपणे विभागा.

चौकशीला पाठवायचं? 'अ'ला तक्रार दिसलेल्या ३८ उत्तरांपैकी १४ 'ब'ने मान्य केली नाहीत. म्हणजे एकट्या 'अ'च्या शब्दावर पाठवलेल्या दर आठ प्रकरणांत साधारण तीन अशी, जी दुसऱ्या वाचणाऱ्याने पाठवली नसती. इथे कोणता कॅपा चालेल हा प्रश्नच चुकीचा आहे. एका माणसाने ठरवायचंच नाही, प्रत्येक 'आहे' दोघांनी पाहायचं आणि न जुळलेलं तिसऱ्याने निकालात काढायचं. त्या रचनेत ०.६५ ही चालून जातो, कारण मतभेद शेवटच्या निर्णयापर्यंत पोहोचतच नाही.

हिशोब हा असाच करायचा: मतभेदांमुळे माझा निष्कर्ष कोणत्या दोन टोकांमध्ये हलतो, आणि ती दोन्ही टोकं मला एकाच निर्णयाकडे नेतात का? एकाच निर्णयाकडे नेत असतील तर जुळणी पुरेशी. अहवाल तपासणाऱ्यांना ठरावीक आकडाच हवा असेल तर तोही द्या, पण मर्यादांची खालची कड त्या आकड्याच्या वर आहे का ते पाहून. ०.६० ची अट असताना ०.६५ आला, आणि खालची कड ०.५० वर, तर अट पार झाली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

## ७. मतभेद एकेक करून वाचा

विभागांची तुलना करायची आहे असं धरून पुढे जाऊ. म्हणजे जुळणी सुधारायला हवी. सगळ्यात फसवा उपाय म्हणजे दोघांना 'जरा लक्ष देऊन करा' असं सांगणं. त्याऐवजी ती वीस उत्तरं छापून घ्या आणि दोघांना एकत्र बसवा. कोण बरोबर हे ठरवायचं नाही; प्रत्येकाने असं का ठरवलं एवढंच विचारायचं.

आपल्या उदाहरणात 'अ'ला दिसलेल्या आणि 'ब'ला न दिसलेल्या चौदांपैकी नऊ उत्तरं एकाच प्रकारची निघाली: "खिडकीवर कुणीच नव्हतं, अर्धा तास उभं राहावं लागलं." 'अ'च्या मते जागेवर नसणं ही वागणूक. 'ब'च्या मते ही मनुष्यबळाची कमतरता. नियमपत्रकात याबद्दल एक ओळही नव्हती. तीन उत्तरं "नीट समजावून सांगितलं तर बरं होईल" अशा सौम्य सूचना होत्या, ज्यांना तक्रार म्हणायचं की नाही हे ठरलेलं नव्हतं. उरलेल्या दोन निव्वळ नजरचुका. उलट बाजूच्या सहांपैकी चार उपहासाची वाक्यं होती, 'अ'ने ती कौतुक समजून सोडून दिली होती. दोन पुन्हा नजरचुका.

वीसपैकी नजरचुका चारच, सोळा ठिकाणी नियमच अपुरा होता. हे प्रमाण पाहायलाच ही बैठक असते. उलट झालं असतं, म्हणजे बहुतेक नजरचुका निघाल्या असत्या, तर नियम बदलून उपयोग नव्हता. एका बैठकीत किती उत्तरं वाचायची ते कमी करावं लागलं असतं.

नवा नियम करताना उपयोगाकडे पाहा. तुलनेतून पुढे प्रशिक्षणाची दिशा ठरणार असेल, तर रिकामी खिडकी प्रशिक्षणाने भरत नाही, म्हणून ती 'वागणूक' नाही. नियम असा लिहिला: "कर्मचाऱ्याने रुग्णाशी काय बोललं, कसं बोललं किंवा विचारूनही काय सांगितलं नाही, याबद्दल नाराजी असेल तरच 'आहे'. कर्मचारी जागेवर नसणं, कमी असणं, रांग लांब असणं याला 'नाही'. सौम्य सूचनेत नाराजी अभिप्रेत असेल तर 'आहे'. उपहास असेल तर शब्द नाही, अर्थ पाहा." प्रत्येक वाक्याखाली दोन-दोन खरी उदाहरणं जोडली.

## ८. पुन्हा मोजा, पण नव्या उत्तरांवर

इथे मोह होतो. नव्या नियमाप्रमाणे ती नऊ उत्तरं 'अ'च्या फायलीत 'नाही' केली, तर त्याच २०० उत्तरांवर कॅपा ०.७८ दिसतो. हा आकडा अहवालात घालू नका. ज्या उत्तरांवर भांडून नियम केला त्याच उत्तरांवर तो नियम जुळणारच. तुम्हाला जाणून घ्यायचंय की न पाहिलेल्या उत्तरांवर तो चालतो का.

म्हणून उरलेल्या १८०० मधून नवी १०० यादृच्छिक उत्तरं घ्या, दोघांना पुन्हा वेगळं बसवा. समजा निकाल असा आला: दोघांचं 'आहे' १७, फक्त 'अ'चं २, फक्त 'ब'चं ३, दोघांचं 'नाही' ७८. जुळणी ९५ टक्के, Pe ०.६८६, कॅपा ०.८४. 'आहे' बाजूची जुळणी ०.७१ वरून ०.८७ वर गेली. मर्यादा साधारण ०.७० ते ०.९८, अजूनही रुंद, कारण उत्तरं शंभरच. पण मला यात सगळ्यात समाधानाचं वाटतं ते वेगळंच: 'अ'चं प्रमाण १९ टक्के, 'ब'चं २० टक्के, आणि मतभेद दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले. चाळणी एक झाली. विभागांची तुलना आता करता येईल.

पहिल्या २०० उत्तरांचं काय? ती नव्या नियमाने पुन्हा वाचा, मतभेद चर्चेने मिटवा आणि अंतिम निकालात घ्या. फक्त त्यांच्यावरून जुळणी मोजू नका.

दुसऱ्या फेरीतही सुधारणा झाली नाही तर तिसरी, चौथी करत बसण्यापेक्षा वर्गच तपासा. काही भेद मजकुरातून ठरवताच येत नाहीत. 'मुद्दाम केलेलं' आणि 'नकळत झालेलं' असे दोन वर्ग केले असतील आणि उत्तरं एका ओळीची असतील, तर जगातला कुठलाही नियम दोघांना एकत्र आणणार नाही. असे वर्ग एकत्र करा, किंवा सगळी उत्तरं दोघांनी वाचून चर्चेने मिटवा आणि तेवढा वेळ कामाच्या आराखड्यात धरा.

आणि एक धोका कॅपाला कधीच दिसत नाही. दोन घड्याळं सारखीच दहा मिनिटं मागे असतील, तर ती एकमेकांशी उत्तम जुळतात. दोघं मूल्यमापक एकाच चुकीच्या नियमाने शिकले असतील तर कॅपा ०.९५ सुद्धा येईल. त्यासाठी दोघांचं एकमत झालेल्यांतली थोडी उत्तरं विषय जाणणाऱ्या तिसऱ्या माणसाला, निकाल न दाखवता, वाचायला द्या.

## ९. उरलेलं काम आणि अहवाल

उरलेली उत्तरं वाटून घेतली तरी साधारण दर दहातलं एक उत्तर दोघांकडेही जाईल अशी वाटणी करा, आणि ते कुठलं हे त्यांना सांगू नका. आठवड्याभरात माणसाची चाळणी नकळत सैल होते किंवा घट्ट होते. सामाईक उत्तरांत 'आहे'चं प्रमाण एकाचं वर आणि दुसऱ्याचं खाली सरकायला लागलं, की थांबून पुन्हा एक बैठक घ्या.

अहवालात कॅपा एकटा लिहू नका. चार खान्यांचा तक्ता द्या, म्हणजे वाचणाऱ्याला हवं ते माप स्वतः काढता येईल. किती उत्तरांवर मोजलं, ती कशी निवडली, मोजणी चर्चेआधीची आहे की नंतरची, आणि आधीच्या फेरीत काय आलं होतं, हेही लिहा. आपल्या उदाहरणाचा परिच्छेद असा होईल:

"दोन मूल्यमापकांनी यादृच्छिकपणे निवडलेली २०० उत्तरं स्वतंत्रपणे वाचली; जुळणी ९० टक्के, कॅपा ०.६५ (९५ टक्के मर्यादा ०.५० ते ०.७९). मतभेद पाहून नियम सुधारला. त्यानंतर नव्या १०० उत्तरांवर, चर्चेआधी, जुळणी ९५ टक्के आणि कॅपा ०.८४ (०.७० ते ०.९८) आला, 'आहे' बाजूची जुळणी ०.८७. तक्रारीचं प्रमाण दोघांकडे अनुक्रमे १९ आणि २० टक्के होतं, त्यामुळे विभागांमधल्या एक-दोन टक्क्यांच्या फरकाला अर्थ लावलेला नाही."